निषादावरचा श्वास

माझा धाकटा भाऊ गाढव आहे. हे मी मायेनं म्हणते, रागानंही म्हणते आणि त्याच्या तोंडावरही म्हटलेलं आहे. तो नुसता हसतो, त्यामुळे राग आणखी वाढतो.

आमच्या घरात गाणं शिकलेली तिघं: मी, तो आणि लहानपणापासून आमच्याकडेच वाढलेली मावसबहीण. सुरुवात तिघांचीही आईच्या पेटीवर झाली. पुढे तिघांची तोंडं तीन दिशांना. मी विद्यापीठात संगीतात एम.ए. केलं आणि तिथंच शिकवायला लागले. आमच्याकडे इतिहास असतो, शास्त्र असतं, निबंध असतात आणि मधे प्रात्यक्षिकाचा तास, त्यात एका खोलीत वीस गळे. राग पुष्कळ होतात. पण परीक्षेत आलाप जरा रंगायला लागला, की परीक्षक म्हणतात, "पुढचा राग घ्या." आमच्या पोरांना रागाची सगळी कुळी सांगता येते, त्याच्याबरोबर संसार करता येत नाही.

बहीण संगीत अकादमीत गेली. निवडचाचणी, वसतिगृह, पहाटेचा रियाज. आवाजाचे शिक्षक वेगळे, लयीचे वेगळे. आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर गाऊन दाखवायचं. गाणं संपलं की शिक्षक आणि बरोबरची पोरं तोंडावर दोष सांगणार. रडलेलं चालतं, उलट उत्तर चालत नाही. तिथून निघालेल्या माणसाचा गळा तयार असतो आणि जीभही.

भाऊ बुवांकडे गेला. बुवा मोठे गवई. त्यांच्याकडे ना अभ्यासक्रम, ना परीक्षा. बाजारहाट करायचा, पाय चेपायचे, तंबोरे जुळवायचे आणि बुवांना लहर आली की समोर बसायचं. कधी गाण्यातली एकच जागा आठवडाभर, कधी महिनाभर काहीच नाही. पण एकेक राग ऋतूच्या ऋतू कानावर पडायचा. खोटं कशाला बोलू, त्याच्या गळ्यात जो सूर आला तो आम्हा दोघींना या जन्मात जमला नाही.

भाऊ त्यांच्याकडे गेला त्याआधीच बुवांना फुप्फुसाचं दुखणं जडलं होतं. चढत जाताना ते सप्तकाच्या शेवटच्या सुरावर, निषादावर थांबायचे, श्वास घ्यायचे आणि मग वरच्या षड्जावर जायचे. म्हणजे दाराशी येऊन उंबऱ्यावर दम खायचे. मैफलीत भाऊ मागं तंबोरा घेऊन बसायचा आणि त्यांना साथीला सूर द्यायचा. एकदा त्या थांब्यावर तो एकटाच सरळ षड्जावर गेला आणि श्रोत्यांनी "वाहवा" केली. नंतर कितीतरी दिवस बुवांनी त्याला समोर बसवलं नाही, नुसती भांडी घासून घेतली. मग म्हणाले, "निषादावर तोडायचं. आपलं गाणं असंच आहे."

गाढवाला ते पटलं. आमच्या विभागात बुवांच्या तरुणपणीची ध्वनिमुद्रणं होती. मी म्हटलं, "अरे, एकदा येऊन ऐक तरी."

"यंत्राकडून शिकायचं नाही, असं बुवांनी सांगितलंय," तो म्हणाला. "गुरू जिवंत असताना डबा कशाला ऐकायचा?"

आमचे विभागप्रमुख तरी शहाणे म्हणावेत, तर त्यांनी बुवांच्या त्या थांब्यावर 'विरामाचं सौंदर्य' असा शोधनिबंध वाचून टाळ्या घेतल्या. जुनी ध्वनिमुद्रणं त्यांच्याच खोलीतल्या कपाटात होती.

भावानं चाळिशी ओलांडली. पदवी नाही, लग्न नाही. आणि बुवांनी परवानगी दिली नाही म्हणून स्वतःची एक मैफल नाही. अशात अकादमीत निवासी शिक्षकाची जागा निघाली. पदवीची अट नव्हती, फक्त समितीपुढे गायचं होतं. पुढच्या वर्षापासून तिथंही पदवी लागणार होती. म्हणजे त्याच्या आयुष्यात शिल्लक असलेलं हे एकच दार. बहीण तिथंच शिकवत होती, तिनंच त्याला कळवलं. समितीत तीही होती; नात्यामुळे तिला गुण देता येणार नव्हते, पण प्रश्न विचारता येणार होते.

चाचणी सगळ्यांसमोर, विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या दालनात. भाऊ आशीर्वादासाठी बुवांना घेऊन आला होता. संचालकांनी त्यांना मानानं पुढच्या खुर्चीत बसवलं. मी मागं भिंतीला टेकून उभी होते.

काय गायला तो! पहिल्या षड्जालाच पोरांची कुजबुज थांबली. मला वाटलं, मिळाली, जागा मिळाली. मग तो चढत निषादावर आला, थांबला, श्वास घेतला आणि वर गेला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. दर वेळी.

गाणं संपल्यावर बहिणीनं विचारलं, "दादा, दम तर आहे तुझ्याकडे. मग तिथं का तुटतं?"

"ती आमच्या गाण्याची रीत आहे," तो अभिमानानं म्हणाला.

संचालकांनी एका मुलीला खूण केली. तिनं अकादमीच्या संग्रहातलं बुवांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. तिशीतले बुवा निषादावरून जे निघाले ते न थांबता षड्जावर जाऊन बसले. दालनभर तो सूर कितीतरी वेळ होता.

"ही रीत नाही, दादा," बहीण म्हणाली. "हा आजार आहे. तू बुवांचा आजार शिकलास."

भावानं बुवांकडे पाहिलं. संचालकांनीही. "बुवा, आपण काय म्हणता?"

एक शब्द पुरला असता. 'मीच सांगितलं होतं' एवढंच. बुवांनी उपरणं सारखं केलं. "मी? छे! मी असं कधीच शिकवलं नाही. नक्कल करायची खोड आहे त्याला. मूळ कळायला अक्कल लागते."

पोरं हसली. भाऊ उठून बुवांच्या पायाशी वाकला. "चूक माझीच आहे, बुवा."

त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली मला. मारली नाही, कारण मी नोकरी करणारी सभ्य बाई आहे.

जागा अर्थातच गेली. पण जुनं ध्वनिमुद्रण ऐकून संचालक इतके भारावले, की चहाच्या टेबलावर त्यांनी बुवांनाच अकादमीत अतिथी गुरू म्हणून बोलावलं. शिष्याच्या मयताला आलेला माणूस पोटभर जेवून गेला.

घरी मी बहिणीला झाडलं, "तोंडाला कुलूप लावता आलं नाही तुला?"

"आमच्याकडे यालाच शिकवणं म्हणतात, ताई. तुमच्याकडे निबंध लिहितात," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तिचाही राग आला आणि तिची दयाही आली.

काही महिन्यांनी मी अकादमीत गेले तेव्हा बुवांचा वर्ग चालू होता. भाऊ मागं तंबोरा घेऊन बसलेला. गुरूंना साथ म्हणून अकादमीनं त्याला येऊ दिलं होतं. बुवा चढत निषादावर आले आणि धापा टाकत थांबले.

"मला दम पुरत नाही म्हणून मी थांबतो," ते पोरांना म्हणाले. "तुम्ही सरळ जायचं. ह्याच्यासारखं करायचं नाही." आणि त्यांनी अंगठ्यानं मागं दाखवलं.

वर्गातली पोरं निषादावरून एका दमात षड्जावर गेली. भाऊ बुवांबरोबर थांबला, त्यांच्याबरोबर श्वास घेतला आणि त्यांच्याबरोबरच वर आला.

जिन्यात मी त्याला गाठलं. "आता तर कळलंय ना सगळं? एकदा तरी त्यांच्यासमोर सरळ जाऊन दाखव!"

"घरी करून पाहिलं, ताई," तो म्हणाला. "पुष्कळदा केलं. निषाद लागला, की छातीच थांबते गं. माझं ऐकत नाही."

वरून बुवांनी हाक मारली. त्यांच्या औषधाची वेळ झाली होती. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला, मधे एकदाही न थांबता.