चौथा हिस्सा

प्रांजल घरत आयटीआय करून पनवेलच्या कुमारशेठच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लागली, तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. मूळची जासईची. कामाचा हात सफाईदार आणि जीभ तिखट.

तिसऱ्या वर्षी तुळशीराम ठाकुरांच्या बंगल्याचं गेट आलं. खालच्या पट्टीवर एकमेकींना टेकलेल्या दोन मोठ्या रिंगा, आणि त्या दोघींना नि पट्टीला नेमकी टेकेल अशी मधल्या फटीत एक लहान रिंग. अशा वीस जोड्या. मोठी रिंग बाहेरून चोवीस इंच. लहान सहा इंची लागेल, असं प्रांजलने जमिनीवर खडूने काढून सांगितलं. कुमारशेठने अंदाजाने तिसरा हिस्सा धरला आणि आठ इंची वीस रिंगा वाकवल्या. एकही बसली नाही. ठाकूर आले तसा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ही पोरगी माप चुकली." तिला त्याच दिवशी काढलं. ठाकुरांनी ते खरं धरलं. पुढे दोन वर्षं पनवेलमध्ये तिला कोणी वेल्डिंगची कांडीही हातात दिली नाही.

तिने उरण रस्त्याला छोटं दुकान टाकलं, खिडक्यांच्या जाळ्या करू लागली. कुमारशेठला ती विसरली नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

सहा वर्षांनी ठाकुरांनी लग्नाचा हॉल बांधला आणि त्याच्या जिन्याच्या रेलिंगचं काम कुमारशेठला दिलं. नक्षी तीच हवी होती. गेटाच्या लहान रिंगा कुमारशेठने शेवटी फटीत घालून बघत बसवल्या होत्या; हिशेब त्याला कधीच कळला नव्हता. त्याने आपला जुना वेल्डर धनेश याला तिच्याकडे पाठवलं. प्रांजल आणि धनेश पूर्वी एकाच डब्यात जेवायचे.

"मोठीच्या मानानं लहान केवढी?" धनेशने विचारलं.

"चौथा हिस्सा," प्रांजल म्हणाली.

एवढंच. हा हिस्सा रिंगेच्या बाहेरच्या कडेवर धरायचा असतो, कारण टेकतात त्या बाहेरच्या कडा. कुमारशेठ रिंग नेहमी आतून मोजतो, हे तिला ठाऊक होतं. धनेश वळून जाईपर्यंत ती ग्राइंडरचं चाक बदलत राहिली.

रेलिंगच्या मोठ्या रिंगा एक इंच जाड पाइपच्या होत्या, बाहेरून सोळा इंच, आतून चौदा. कुमारशेठने चौदाचा चौथा हिस्सा, साडेतीन, लहान रिंगेचं आतलं माप धरला. पाइपची जाडी धरून ती बाहेरून साडेपाच झाली. फटीत जागा होती चारची. साठ रिंगा वाया गेल्या.

हॉलचा सुतार जाळीचं विचारायला आला होता, त्याच्याकडून प्रांजलला हे कळलं. तिला आनंद झाला, खूप झाला. मग तो म्हणाला, शेठने ठाकुरांसमोर सगळं धनेशवर टाकलं, माप चुकीचं लिहून आणलं म्हणून.

तिने शटर खाली ओढलं आणि थेट हॉलवर गेली. ठाकूर, कुमारशेठ, धनेश तिघंही तिथेच होते. तिने कुणाला विचारलं नाही. फरशीवर खडूने दोन मोठी वर्तुळं काढली, खाली रेघ, मधे लहान वर्तुळ. मोठ्याची त्रिज्या आठ, लहानाची दोन. दोन्ही मध्यबिंदू जोडले तर आठ अधिक दोन, दहा. उंचीतला फरक आठ वजा दोन, सहा. आडवं अंतर आठ, कारण लहान वर्तुळ दोन मोठ्यांच्या बरोबर मधे उभं असतं. सहा, आठ, दहा.

ठाकूर थबकले. त्यांनी ऐन उमेदीत गवंड्यांच्या हाताखाली काम केलं होतं. "तीन, चार, पाच," ते म्हणाले. "कोपरा काटकोनात हाय का ते गवंडी यानंच बघतंत."

"तसंच. काटकोन बरोबर बसला म्हणून दोन बरोबर. आठाचा चौथा हिस्सा. तुमच्या गेटालाबी हाच हिशेब होता, काका, आनी तो मी तवाच सांगितला होता."

ठाकुरांनी कुमारशेठकडे पाहिलं.

"आता धनेशची चूक नाय," ती म्हणाली. "मी अर्धंच सांगितलं, मुद्दाम. बाहेरून का आतून, हे इचारायची अक्कल शेठला नव्हती."

कुमारशेठचं काम गेलं. गेटाची गोष्ट ठाकुरांनीच महिनाभर चारचौघांत सांगितली, आणि त्यांच्या शब्दावर चालणारी तीन बांधकामं त्याच्या हातून सुटली. प्रांजलला वाटलं होतं, रेलिंग आपल्याकडे येईल. ठाकूर तिला म्हणाले, "तू खरी हायस, पोरी. पन जे म्हाईत असून गप बसतं, त्याला मी जिन्याचं काम देनार नाय."

तिने वाद घातला नाही. धनेशला तिने आपल्या दुकानात बोलावलं. त्याने नको म्हटलं आणि एका कंटेनर यार्डात नोकरी धरली. रस्त्यात भेटला तर तो मान फिरवतो. त्याचं तिला वाईट वाटतं.

कुमारशेठचं वाटत नाही. त्या दुपारी हॉलवरून परतताना तिने बाजारातून मोठे बोंबील घेतले, तळले, आणि कितीतरी वर्षांनी पोटभर जेवली.