खुशालरावांचा परतवलेला शब्द

खुशालराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथे सगळे रोलर एकदम सुरू झाले की शेजारच्या माणसाचं बोलणंही कळत नाही. म्हणून एक रीत होती. फोरमनने कानात सांगायचं आणि ऐकणाऱ्याने तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे. शब्द परतवला की काम त्याच्या अंगावर. मग 'मला सांगितलं नव्हतं' म्हणायची सोय नाही. खुशालरावांचा परतवलेला शब्द कधी चुकला नाही. त्यांच्या हाताखाली कोणाचं बोटही कापलं गेलं नाही. निवृत्त होऊन चांदूर बाजारजवळच्या गावात घरी आले, तरी हे ते कोणालाही ऐकवत. बायको रुख्मिणी म्हणायची, "जिनातून आले, पण जिन काई यांच्यातून गेलं नाई."

पोटात जळजळ सुरू झाली, अन्न वर यायला लागलं, तेव्हा मुलगा शिवम त्यांना अमरावतीला दुर्बिणीच्या तपासणीला घेऊन गेला. उपाशीपोटी, सकाळीच. नर्स वर्षालीने हाताच्या पाठीवर सुई लावली, बोटाला चिमटा अडकवला, कुशीवर वळायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एक इंजेक्शन देतो, त्रास वाटणार नाही. घशात कडू फवारा मारल्याचं खुशालरावांना आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते परतीच्या वाटेवरचं, वलगावच्या पुढचं. शिवम गाडी चालवत होता, आणि त्यांच्या हातात केळं होतं, अर्धं खाल्लेलं. नळी कधी घातली, कधी काढली, काही नाही. त्यांना बरंच वाटलं. शिवमला म्हणाले, उगाच भीत होतो, काहीच केलं नाही त्यांनी.

दिवस उतरला तशी म्हशीला कुट्टी करायची होती, कडबा बारीक कापून. विजेवरचं कुट्टी मशीन गोठ्याच्या भिंतीला होतं. रुख्मिणी कडब्याच्या पेंढ्या आत लोटायची, बटणाशी खुशालराव. तिने विचारलं, आज राहू द्यायचं का? ते म्हणाले, काम का थांबते? मधेच एक पेंढी अडकली. त्यांनी बटण बंद केलं. पातं थांबल्यावर तिने आत हात घातला.

आत हात घातलेला माणूस स्वतः 'चालू' म्हणेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. हे खुशालरावांनी जिनात किती पोरांना शिवी देऊन शिकवलं होतं. त्या दिवशी तिने म्हटलं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी बटण दाबलं. ती काहीच बोलली नव्हती.

रुख्मिणीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची.

रुख्मिणी दवाखान्यातून घरी आल्यावर शिवम अमरावतीच्या त्या तपासणी केंद्रात भांडायला गेला. मिशीचे केस चावतच गेला होता. परत आल्यावर आईच्या खाटेजवळ बसला आणि बापाकडे न बघता बोलला.

"ते म्हणतात, याईले सांगतलं होतं. आज गाडी चालवाची नाई, मशीनले हात लावाचा नाई, उद्या सकाळपर्यंत. आन् याईनं शब्दाले शब्द परत म्हणून दाखवलं. नर्स हासली म्हणे, काकाइचं पाठांतर भारी हाये."

खुशालराव म्हणाले, मला कोणी काही सांगितलं नाही.

शिवमने पुढचंही सांगितलं, पण अंगावरचं ओझं टाकावं तसं. इंजेक्शनचं नाव मिडाझोलम. ते दिलं की माणूस जागा असतो, उत्तरं देतो, मान हलवतो, सांगितलेलं परतही म्हणतो. पण तेव्हाचं डोक्यात राहत नाही. आपण बरे आहोत असं वाटतं, तरी त्या दिवशी हात आणि अक्कल दोन्ही भरवशाची नसतात. म्हातारपणी जास्तच. म्हणून सूचना सोबतच्या माणसाला सांगायच्या आणि कागदावर लिहून द्यायच्या. वर्षालीने कबूल केलं होतं की कागदावर नुसत्या गोळ्या लिहिल्या. गर्दी होती आणि काका इतकं स्वच्छ बोलत होते की लिहायची गरज वाटली नाही. सोबतचा माणूस तेव्हा कुठे होता, हे शिवमने सांगितलं नाही. तो खाली पानठेल्यावर होता.

रुख्मिणीने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला विचारलं, "तुमी म्हटलं होतं का नाई, तेवढं सांगा."

"मले आठवत नाई."

"जन्मभर आयकत आली मी, तुमचा परतवलेला शब्द चुकत नाई म्हणून. आन् आता आठवत नाई? तुमाले ठाऊक होतं. कुट्टी पडून राहते, हे तुमच्यानं पाह्यवलं नाई."

दुसरा कोणी गबाळा असता, तर त्याच्यावर विश्वास बसला असता. त्यांनी आयुष्यभर मेहनतीने कमावलेलं नावच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं. खुशालरावांनी हाताच्या पाठीवरची सुईची खूण दाखवली. तिने तोंड भिंतीकडे केलं.

जखम भरली, पण एका थोटक्यात हाड टोचायचं. अकोल्याच्या हाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, छोटं ऑपरेशन, तेवढा हात बधिर करू, भीती वाटू नये म्हणून झोपेचं थोडं औषध देऊ. खुशालरावांनी औषधाचं नाव विचारलं. तेच होतं. ते म्हणाले, साहेब, नंतर जे सांगायचं ते तिला सांगू नका, मला सांगा आणि लिहून द्या. डॉक्टरांनी लिहून दिलं. पट्टी भिजवायची नाही, हात वर ठेवायचा, आज एकटं सोडायचं नाही, विळी-चुलीजवळ जायचं नाही.

ऑपरेशन झालं, तेव्हा शिवम गाडी आणायला गेला होता. रुख्मिणी पडद्याआड पडून होती, डोळे अर्धे उघडे. खुशालराव स्टुलावर बसले. ती आपणहून बोलली, मऊ आवाजात, लग्न नवं असताना बोलायची तशी.

"अवो, रडून काहून राह्यले?"

ते रडत नव्हते. तसं म्हणाले नाहीत.

"मी बी घाई केली त्या दिवशी. हात मांग घ्याले पाह्यजे होता. तुमाले आठवत नसन, तर नसन. तुमी खोटं बोलनारे माणूस नाई." मग तिने डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, जेवले का? त्यांनी हो म्हटलं. जरा वेळाने तिने पुन्हा विचारलं, जेवले का? त्यांनी पुन्हा हो म्हटलं. तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी हात गुडघ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन गेले, खाटेवर बसले. इतक्या दिवसांत बसले नव्हते. ती सरकली. मग त्यांनी काल ती काय बोलली ते सांगितलं, शब्दाला शब्द.

रुख्मिणीने कप खाली ठेवला.

"मी? मी आसं म्हणन?"

"म्हटलं तू. औषधानं आठवत नाई. माह्यंही तसंच झालं होतं."

"मी काई बोललीच नाई, तं इसरीन काय?" ती म्हणाली. "बोटं घेतले. आता माह्या तोंडी शब्दही घाला."

त्यांनी शिवमकडे बघितलं. शिवम काल त्या वेळी गाडी आणायला गेला होता. त्याने मान फिरवली. उशाशी डॉक्टरांचा कागद होता. त्यावर पट्टी होती, हात होता, विळी होती. बाकीचं लिहून घ्यायला त्यांना सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्यावर सही कोणाची घेणार?

ते उठले. कप उचलून विसळला. उशी तिच्या हाताखाली सारली, कागदावर होतं तेवढी वर. तिने सारू दिली आणि म्हणाली, आता जा.