दहा फेऱ्या

घुग्घुसच्या उघड्या कोळसा खाणीत मी शिफ्ट इन्चार्ज होतो तेव्हा डंपर ड्रायव्हरांना एकच सूचना असे: जमेल तेवढं करा. जमेल तेवढं म्हणजे शिफ्टला सात फेऱ्या. कधी सहा.

सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला सगळे भाऊ म्हणत. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता. चार महिन्यांनी निवृत्त व्हायचं आणि फाइल कोरी ठेवून घरी जायचं, एवढीच त्यांची हौस होती. ती ते चहासोबत रोज सांगत.

नव्या उत्साहात मी त्यांनाच विचारलं, किती फेऱ्या होतील? भाऊंनी आठवडाभर घड्याळ पाहिलं. भरणं, चढ, रिकामं करणं, परतणं, सगळं मिळून चाळीस मिनिटं. "दहा होतात साहेब. पण घाम निघते." मग आम्ही सगळ्यांनी मिळून दहा ठरवल्या. टाइम ऑफिसबाहेर फळा लावला, नावापुढे रोजचा आकडा खडूने लिहायला लागलो. गंमत म्हणजे त्याच माणसांनी आपणहून धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारायला लावलं, चहा शिफ्टच्या आधी उरकला. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर दहा-दहा दिसू लागले. मी स्वतःवर फार खूश होतो.

तो फळा वरच्या साहेबांनी पाहिला. दहा जमतात तर पंधरा का नाही, म्हणाले. पंधरा फेऱ्यांना दहा तास लागतात आणि शिफ्ट आठ तासांची असते, हे मी सांगायला हवं होतं. मी "येस सर" म्हणालो.

दोन दिवस सगळे जिवावर उदार होऊन पळाले. एक डंपर वळणावर कलंडता कलंडता राहिला. तिसऱ्या दिवशी काहींनी नाद सोडला आणि सातवर आले. बाकीच्यांनी डंपर अर्धेच भरून पंधरा पुऱ्या केल्या, कारण फळ्यावर फेऱ्या मोजत होतो, कोळसा नाही. फळा छान दिसायचा. कोळसा फोडणाऱ्या क्रशरच्या वजनकाट्यावर मात्र कोळसा आधीपेक्षा कमी पडू लागला.

भाऊ डंपर काठोकाठ भरत आणि दहाच लिहवून घेत. महिन्याअखेर लक्ष्य न गाठणाऱ्यांना मेमो निघाले. भाऊंच्या मेमोवर सही माझी लागत होती. मी केली.

त्यांनी कागद दोनदा वाचला.

"दहा आपण ठरोले होते साहेब. हे पंधरा कोणं ठरोले?"

मला लाज वाटत होती आणि नोकरीही हवी होती. भाऊंनी 'मिळाले' लिहून खाली सही केली आणि दहाव्या फेरीला गेले.

पुढे पंधराचा आकडा मुकाट्याने पुसला गेला. मेमो मागे घ्यायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. निवृत्तीच्या दिवशी भाऊंची फाइल माझ्याच टेबलावर आली. आत एकच कागद होता.