कूलरचा पत्रा, काशाची थाळी

आर्वीत एसटी डेपोपासून थोडं आत गेलं की धर्मेंद्रचा फोटो स्टुडिओ लागतो. स्टुडिओ म्हणजे एक खोली. पुढे पासपोर्ट फोटोचा पडदा, मागे कॉम्प्युटर. लग्नाचं शूटिंग करायचं आणि मागच्या खोलीत बसून त्याची कॅसेट जमवायची, हा त्याचा धंदा. कॅसेट जाऊन पेन ड्राइव्ह आला, तरी लोक कॅसेटच म्हणतात आणि धर्मेंद्रही म्हणतो.

या धंद्यात एक नियम त्याच्या अंगात मुरला होता. कुठे मोकळी जागा सोडायची नाही. नवरी चालत येते, सनई टाक. मामा अंतरपाट धरून उभा आहे, सनई टाक. क्षणभर जरी आवाज नसला तरी गिऱ्हाईक विचारतं, इथं काय खराबी झाली? म्हणून त्याने वर्षानुवर्षं बिनआवाजाची जागा शिल्लक ठेवलीच नाही.

त्याच्या मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं, तेव्हा तिथल्या जया मॅडम स्टुडिओत आल्या. आठवीची मुलं नाटक बसवत होती. रात्रीची वेळ, नदीला पूर, आई अडलेली, दाई पल्याडच्या काठावर. मुलगी डोंगेवाल्याला विनवते, तो नाही म्हणतो, शेवटी डोंगा सुटतो. मुलीचं काम धर्मेंद्रच्या अंकिताचं होतं. पडदे नव्हते, देखावा नव्हता. मॅडम म्हणाल्या, नदी दिसणार नाही, निदान ऐकू तरी यावी.

धर्मेंद्रने आधी इंटरनेटवरून पाऊस उतरवला. अंकिताने ऐकला आणि म्हणाली, हा कुठला तरी दुसऱ्याच गावचा पाऊस आहे. मग त्याने ठरवलं, घरात जे आहे त्यातूनच करायचं.

दुपारी लाइट जाई, ती वेळ त्याने धरली. पंखे बंद, शेजारची पाण्याची मोटर बंद, पिठाची गिरणी बंद. एवढी शांतता एरवी आर्वीत विकत मिळत नाही. लग्नातला छोटा रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. खोली घुमू नये म्हणून त्याने भिंतींना गाद्या उभ्या केल्या. बायको कमला अंगणवाडीवर गेलेली असे. घरी त्याची आई मंदाबाई.

"दिवाळी झाली, आता कायची झाडझूड काढली?" मंदाबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, पूर आणायचा आहे.

पूर कूलरने दिला. हिवाळ्यात कूलर कोपऱ्यात पडून होता. त्याची टाकी काढून पाण्याने भरली आणि धर्मेंद्रने दोन्ही हातांनी ते पाणी कडेकडेने फिरवलं. रेकॉर्ड करून ऐकलं तर बाळाची आंघोळ वाटली. मग तोच आवाज निम्म्या वेगाने चालवला. वेग उतरला तसा आवाज जाड झाला आणि टाकीतलं पाणी मोठं वाटायला लागलं. त्यावर पुन्हा साध्या वेगाची बारीक खळखळ चढवली. नुसत्या जाड आवाजात पाणी वाहत नाही, नुसतं घुमतं.

कूलरचाच बाजूचा पत्रा सोडवून त्याने हवेत धरून हलवला. गडगडाट झाला. पहिल्या वेळी रेकॉर्डर इतका जवळ होता की आवाज फाटला. तो दाराबाहेर नेऊन ठेवला, तेव्हा वीज खरी दूर पडली. धान्याच्या रिकाम्या कोठीवर मुठीने मारलेला दणका त्याखाली घातला. डोंग्याची करकर सुताच्या बाजेने दिली. अंकिता बाजेवर बसून हळूहळू डुलत राहिली. वल्ह्यासाठी कपडे धुण्याची थापी पाण्यात तिरपी घालून ओढायची. सपाट मारली तर ती थप्पड वाटते.

पाऊस मात्र जमेना. सुपात सोयाबीन फिरवून पाहिलं, पण दाणा टणक पडे आणि गारा वाटत. तो वैतागून स्वयंपाकघरात गेला. मंदाबाई कढईत भजी सोडत होत्या. धर्मेंद्र दारातच थांबला, डोळे मिटले. मग पळत जाऊन रेकॉर्डर घेऊन आला.

"मा, बोलू नको. पाऊस पडून राह्यला."

मंदाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याला ताप आला आहे. पण घाणा संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. पाऊस झाला आणि तो सगळ्यांनी खाल्लाही.

हे सगळे थर त्याने एकावर एक रचले. एक अखंड ट्रॅक केला, नाटकाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत. जिथे मोकळं वाटलं तिथे व्हायोलिन भरलं. शेवटी बाळ जन्मतं, तिथे सनई. ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेतला आणि नेहमीच्या सवयीने मूळ तुकडे पुसून टाकले. लग्नसराई होती, कॉम्प्युटर भरत आला होता. काम पक्कं झालं की कच्चा माल पुसायचा, हाही त्याचा नियम होता.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये होती. ट्रॅक सुरू झाला आणि मुलं हरखली. पण थोड्याच वेळात गोंधळ सुरू झाला. अंकिता सावकाश बोलणारी मुलगी. आजीच्या वळणावर गेलेली. वाक्य आधी मनात ठेवून पाहते, मग बाहेर काढते. ती डोंगेवाल्याला विनवत असतानाच ट्रॅकवर डोंगा सुटला. वल्हं चालू लागलं आणि डोंगेवाला झालेला हर्षित अजून नाहीच म्हणत होता. पोरं हसली. दुसऱ्या वेळी अंकिताने घाई केली. शब्द एकमेकांवर चढले, आणि वरून वीज कडाडली ती नेमकी तिच्या बोलण्यावर. तिसऱ्या वेळी ती मधेच गप्प झाली, आणि तिच्या गप्प राहण्यावर व्हायोलिन वाजत राहिलं.

जया मॅडम धर्मेंद्रला बाजूला घेऊन गेल्या. बाई मनाने चांगल्या. अंकितावर त्यांचा जीव होता, पण संमेलन जवळ आलं होतं. काजल नावाची मुलगी घडाघडा बोलते, ट्रॅकबरोबर बरोबर पोचते, असं त्या म्हणाल्या. अंकिताला बाळाच्या आत्याचं काम देता येईल.

"आवाज तुम्ही इतका छान केला भाऊ, तो तर बदलता येत नाही. पोरगी बदलता येते."

धर्मेंद्रने हॉलमध्ये पाहिलं. अंकिता खुर्चीवर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. नाचाला ट्रॅक चालतो, कारण पोरं ट्रॅकवर नाचतात. नाटकात पोरं ट्रॅकवर बोलू शकतील का, हे त्याने कधी तपासलंच नव्हतं. त्याने नदी केली होती आणि तीच पोरीला बुडवत होती.

"पोरगी नका बदलू, मॅडम," तो म्हणाला. "आवाज बदलतो मी. तिच्या मागं मागं चालेल असा करतो."

मॅडम म्हणाल्या, होईल का? तो म्हणाला, होईल. आणि मूळ तुकडे पुसल्याचं बोलला नाही.

पुन्हा गाद्या उभ्या राहिल्या. पुन्हा टाकी भरली. गार पाण्यात हात फिरवून कोपरापर्यंत बधिर झाले, तरी पाणी पहिल्यासारखं वळेना, म्हणून ते पुनःपुन्हा केलं. यावेळी प्रत्येक आवाज वेगळा ठेवला. वीज वेगळी, करकर वेगळी, वल्ह्याचा एक एक फटका वेगळा. कीबोर्डच्या एकेका बटणावर एकेक आवाज बसवला. नदी आणि पाऊस मात्र सतत चालायला हवेत. त्यांचं टोक सुरुवातीवर थोडं चढवून असं जोडलं की सांधा ऐकू येऊ नये. शाळेच्या भोंग्यातून कोठीचा दणका उमटतच नाही, हे तालमीत त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून विजेत पत्रा वाढवला. व्हायोलिन काढलं.

भजी पुन्हा करावी लागली.

"यंदा पाऊस लय झाला तुह्या घरी," मंदाबाई म्हणाल्या. "डाळ संपली."

सनईवर येऊन तो अडला. ती काढावी तर शेवट कसा कळणार? त्याने सनई वाजवून आईला ऐकवली. मंदाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"बाळ झालं का त्याचं लगन लागलं? बाळाले थाळी वाजवतेत. ही झाली तवा मी वाजवली होती. शेजारीण म्हणे, पोरगी हाय, काऊन वाजवतेस? म्या म्हटलं, तिले ऐकू येते ना."

अंकिता बाजेवर बसली होती. तिने आजीकडे पाहिलं. ही गोष्ट तिने आधी कधी ऐकली नव्हती.

मंदाबाईंनी फळीवरून काशाची थाळी उतरवली. तळव्यावर धरून वाजवली, तर ती मुकी झाली. मग त्यांनी बोटांच्या टोकांवर तोलली आणि पळीच्या पाठीने मारली. धर्मेंद्रने नाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डर बंद केला नाही. सवय मोडायला तिथून सुरुवात झाली.

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर बापलेक सराव करत. ती बोले, तो तिच्या तोंडाकडे पाहून बटण दाबे. पहिले काही दिवस त्याचं बोट आधी पडायचं. तिने खांदा हलवला की तो वीज पाडायचा. ती चिडायची नाही. थांबून म्हणायची, "बाबा, माझं व्हायचं आहे अजून."

संमेलनाच्या दिवशी तो रंगमंचाच्या बाजूला टेबल टाकून बसला. मंदाबाई आणि कमला पुढच्या ओळीत. नदी सुरू झाली तशी मागची पोरं शांत झाली. पाऊस आला. पत्रा गडगडला, तेव्हा पहिल्या ओळीतलं एक लहान मूल आईला बिलगलं.

हर्षित हात झटकून म्हणाला, "अशा पाण्यात डोंगा नाई सुटत. घरी जाय पोरी."

आता अंकिताचं वाक्य होतं. ती बोलली नाही. हर्षितकडे पाहत उभी राहिली.

पलीकडच्या विंगेतून जया मॅडम ओठ हलवून वाक्य पुरवू लागल्या. त्यांनी हाताने धर्मेंद्रला खूणही केली, वीज टाका, काहीतरी टाका. त्याचं बोट बटणावरच होतं. सगळा धंदा त्याला सांगत होता, जागा मोकळी पडली, भर. त्याने बोट उचललं आणि दुसऱ्या हाताने पाऊस हळूहळू उतरवला. नदी ठेवली, तीही बारीक. हॉलमध्ये फक्त पाणी वाहत होतं आणि एक मुलगी उभी होती. कोणी हसलं नाही.

मग ती बोलली. नेहमीसारखी, सावकाश.

"डोंगा तुमचा हाय काका. माय माही हाय. तुम्ही नुसते बसा, वल्हं मी मारीन."

हर्षितने मान खाली घातली आणि दोर सोडला. तेव्हा कुठे बाज करकरली. थापी पाण्यात तिरपी शिरली, एक फटका, मग तिचा श्वास, मग दुसरा. ती जसजसा हात ओढे, तसतसं धर्मेंद्र बटण दाबे.

शेवटी अंधार झाला. त्याने नदी पूर्ण बंद केली, थोडं थांबला आणि थाळी वाजवली. पुढच्या ओळीत मंदाबाईंचा हात नकळत वर गेला, बोटांच्या टोकांवर काही तोलल्यासारखा. नाद विरला. मगच टाळ्या आल्या.

सामान आवरताना जया मॅडम आल्या. म्हणाल्या, पोरगी वाक्य विसरली तेव्हा माझं काळीज थांबलं होतं. तुम्ही सांभाळून घेतलं.

अंकिता वायर गुंडाळत होती. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, "मी विसरली नव्हती, बाबा. तो खरंच नाई म्हणते का, ते पाहून राह्यली होती."

धर्मेंद्रने तिच्या हातातून वायर घेतली. ती उलटी गुंडाळली होती. अशाने आतून तार तुटते. त्याने ती पूर्ण सोडली आणि कशी गुंडाळायची ते दाखवून पुन्हा तिच्या हातात दिली. घरी गेल्यावर त्याने कॉम्प्युटर लावला. नदी, पाऊस, पत्रा, बाज, थापी, थाळी. एकही तुकडा पुसला नाही. जागा करायला एका लग्नाची सनई काढून टाकली.