आईची चिठ्ठी कोणत्या गटात

समाजकार्याच्या असाइनमेंटसाठी मी देऊळघाटच्या काही बायकांच्या त्यांच्या आजारपणावर मुलाखती घेतल्या होत्या. त्यांत माझी आईही होती. मुलाखतींच्या कोडिंगला, म्हणजे प्रत्येक ओळीचा आशय दोन-तीन शब्दांत मांडायला, बसले तेव्हा ती जाऊन महिना झाला होता.

ओळीओळीला कोड देऊन मी चिठ्ठ्या केल्या आणि मिळत्याजुळत्या एकत्र ठेवल्या. ‘दुखणं न सांगणं’, ‘औषध अर्ध्यात सोडणं’ यांचा मोठा गट झाला, ‘स्वतःला मागे ठेवणं’. आईच्याच शब्दांतला कोड, ‘मले काय होते?’, तेवढा बाजूला राहिला.

असाइनमेंट बघणाऱ्या मॅडमनी विचारलं, “हे काऊन वेगळं ठेवलं, बाई?”

“आईचं आहे.”

“हाव, पण ती काय सांगून राह्यली, ते वाच ना.”

मी तिची मुलाखत पुन्हा वाचली; दुखण्याचं विचारलं की दर वेळी ‘मले काय होते?’ म्हणून ती घरच्यांचंच सांगत होती. मी चिठ्ठी ‘स्वतःला मागे ठेवणं’ या गटात ठेवली. ती तिथे नीट बसली, आणि मला रडू आवरेना.