तीन बादल्यांचा खड्डा

तिला सगळे बादलीबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी चेष्टेने ठेवलं होतं, पण तिने ते डोक्यावर मिरवलं. कुंपणाचे खांब रोवायचं काम असलं की नवरा पुढे खड्डे घेणार, खांब उभे करून टेकू लावणार, आणि मागून ही मिक्सर फिरवत काँक्रीट घेऊन येणार. तिला कधी कमी पडलं नाही की उरलं नाही. उरलेलं काँक्रीट टाकायचं कुठे, हा प्रश्न ज्याच्या अंगणात कधी दगड होऊन पडलाय त्याला विचारा.

लग्न झालं त्या वर्षी नवरा सगळं अंदाजपंचे करायचा. एकदा माल अर्ध्यात संपला. दुसऱ्या दिवशी वरचा अर्धा भाग ओतला, तर दोन्ही थर एकमेकांना काही धरेनात. खांब हलला तो हललाच. त्या दिवशी घरी आल्यावर बाईने भाकऱ्या थापायच्या सोडून हिशेब मांडला. खड्ड्याच्या रुंदीला रुंदीने गुणायचं, त्यातलं पाऊण आणि वर किंचित घ्यायचं, कारण खड्डा गोल असतो. त्यातून चौकोनी खांबाची जागा वजा करायची, कारण तिथे लाकूड असतं, माल नाही. तीस सेंटिमीटरचा खड्डा, दहा बाय दहाचा खांब: नऊशेचे पाऊण आणि वर किंचित म्हणजे सातशे, त्यातून शंभर गेले, उरले सहाशे. म्हणजे खोलीच्या दर सेंटिमीटरला सहाशे मिलिलिटर माल. पंचाहत्तर खोल गेलं की पंचेचाळीस लिटर. तिची बादली पंधरा लिटरची. तीन बादल्या, संपला विषय. माती ढासळते म्हणून पलीकडे अर्धी बादली हाताशी ठेवायची, एवढंच.

नवरा तेव्हा हसला होता. पण पुढे पुढे लोकांसमोर छाती फुगवून सांगायचा, "आमच्या हिला विचारा, तीन म्हणाली की तीनच." त्याला मिस्त्री म्हणत. अंगात रग होती तेव्हा खड्डा सरळ खाली उतरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वर जेवढा, तळाला तेवढाच. त्याच्या खड्ड्यात बाईचा हिशेब चपखल बसायचा, आणि दोघांच्या संसारात एवढं एकमत तेवढ्या एकाच जागी होतं, असं ती स्वतःच म्हणे.

आताचं काम एका बालवाडीचं होतं. मागच्या अंगणाला उतार, आणि उताराच्या टोकाला सरळ तुटलेला कडा. खाली रस्ता. जुनं तारेचं कुंपण गंजून लोळागोळा झालं होतं, म्हणून आता तिथे छातीच्याही वर येईल असं, फळ्यांचं कुंपण हवं होतं. मुलं सुट्टीवर होती. बालवाडीच्या बाई सकाळीच येऊन सांगून गेल्या, "सोमवारी मुलं येतील. ती या कडेलाच येऊन टेकतात हो, दुसरीकडे कुठे जातच नाहीत."

"टेकू देत की," मिस्त्री म्हणाला. "हत्ती टेकला तरी हलणार नाही."

फळ्यांचं कुंपण वारा धरतं. जाळीतून वारा निघून जातो, फळीला तो ढकलत राहतो, आणि तो सगळा जोर खाली खांबाच्या मुळाशी येतो. म्हणून सव्वादोन मीटरच्या खांबाचा एक तृतीयांश मातीत गेलाच पाहिजे, हे मिस्त्रीचंच वाक्य. अंगण उतरतं असल्यामुळे खांबांची डोकी वरखाली दिसत होती, पण ती शेवटी दोरी धरून कापायचीच असतात.

मिस्त्रीने आदल्या दिवशी एकट्याने आठही खड्डे घेऊन ठेवले होते. "तू घरी बस, माती काढायला तुझं काय काम," म्हणाला होता. बाईला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत तिला विश्रांती घे म्हणणारा नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला होता. खरं तर तिथेच तिने कान टवकारायला हवे होते.

पहिल्या खांबाला तीन बादल्या गेल्या. दुसऱ्याला तीन. तिसऱ्यालाही तीन. बाई खूश. फक्त एक गोष्ट रोजच्यासारखी नव्हती. माल कोचायची सळई मिस्त्रीने तिच्या हातून घेतली होती. "तू मिक्सर बघ, मी कोचतो." हवा निघावी म्हणून सळई तळापर्यंत घालून वरखाली करायची असते, आणि हे काम कायम तिचं. ती मिक्सरकडे वळली. माणसाला कधी कधी उपकार करण्याचा झटका येतो.

तिसऱ्या खांबाभोवती ती थापीने उतार द्यायला बसली. पाणी खांबापाशी साचू नये म्हणून कडेकडे निमुळतं करायचं असतं. खांब आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये तिची थापी नेहमी अगदी अंगाबरोबर बसायची. दहा सेंटिमीटरची जागा, दहाची थापी. आज थापी मोकळी फिरली. एकीकडे टेकवली तर दुसरीकडे दोन बोटं, म्हणजे तीन सेंटिमीटर जागा. तिला वाटलं, कड ढासळली असेल. चारी बाजूंनी फिरवून पाहिली. सगळीकडे तेवढीच मोकळी.

ती उठून दुसऱ्या खांबापाशी गेली. तिथेही तेच. पहिल्यापाशीही तेच.

तिने थापी खाली ठेवली. खड्डा तीसचा नव्हता, छत्तीसचा होता. सहा सेंटिमीटरने काय होतंय, असं कुणालाही वाटेल. पण रुंदीला रुंदीने गुणायचं असतं, तिथे सहाचे तीनशे होतात. छत्तीस छत्तीसे तेराशेच्या घरात, त्याचे पाऊण आणि वर किंचित म्हणजे हजार, खांबाचे शंभर गेले, नऊशे. दर सेंटिमीटरला नऊशे. मग पंचाहत्तर खोलीला साडेचार बादल्या लागायला हव्या होत्या. गेल्या तीन.

पंचेचाळीस लिटरला नऊशेने भागलं. खोली आली पन्नास.

तिने मिस्त्रीकडे पाहिलं. तो पुढच्या खांबाला टेकू लावत होता, पाठ तिच्याकडे. चुकून एखादा खड्डा उथळ राहिला असता तर दोन बादल्यांतच भरला असता आणि तिला जागच्या जागी कळलं असतं. हे चुकून झालेलं नव्हतं. ज्याने हे केलं, त्याला तिचं गणित तोंडपाठ होतं. बरोबर तीन बादल्या जातील इतकाच खड्डा त्याने रुंद केला होता.

तिने चौथ्या खड्ड्यात, अजून माल न ओतलेल्या, सळई सोडली. तळाला टेकल्यावर जमिनीपाशी अंगठा धरला आणि टेप लावली. पन्नास.

"अहो."

"काय गं?"

"इकडे या."

तो आला. तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग टेपकडे पाहिलं.

"खाली दगड लागला," तो म्हणाला.

"आठही खड्ड्यांत? एकाच मापावर?"

त्याने नजर खड्ड्याकडे वळवली.

"मला फसवायला तुम्हाला माझंच गणित सापडलं होय?" तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "लोकांनी फसवलं तर कळतं मला. तुम्ही... तीन बादल्या मोजून दिल्यात मला! लहान मुलाला खेळणं द्यावं तसं!"

"हळू बोल, बाई आत आहेत."

"ऐकू देत! त्यांची पोरं टेकणार आहेत इथे. तुम्हीच म्हणालात ना, हत्ती?"

मिस्त्री मातीच्या ढिगावर बसला. बराच वेळ त्याने उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, हे तिला आत्ता दिसलं. "वर येत नाही," तो म्हणाला. "खांद्याच्या वर जातच नाही हा. पन्नासपर्यंत पहार चालते. त्याच्या खाली चिमटा घालून माती उचलायची तर दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. उचलला की मुंग्या येतात, मग बोटांत काही राहतच नाही. चिमटा दोनदा सुटला हातून. रुंद करायला काय, बसून खुरप्याने होतं."

लांब दांड्यांचा चिमटा, दोन फावडी समोरासमोर जोडलेला, मागे भिंतीला टेकून उभा होता. बाईने त्याकडे पाहिलं. तिचा राग कुठे गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी येऊन भीती बसली होती.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"आणि मधली कामं?"

"पंपाच्या खोलीभोवतीचं." त्याने मान खाली घातली. "तेवढंच. तिथे जाळी आहे गं, वारा धरत नाही."

"उद्या तिथे जाऊन एक एक खांब हलवून बघायचा. मी बघणार, तुम्ही नाही."

"बरं."

"डॉक्टरला का नाही दाखवलंत?"

"काय सांगेल तो? काम सोडा म्हणेल. मग मी काय करू घरात? तू बादल्या मोजणार आणि मी कोण?"

तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही खरं होतं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ती उठून आत गेली आणि बालवाडीच्या बाईंना सांगून आली, खड्डे कमी खोल झालेत, तीन खांब काढून पुन्हा घालतोय, आमचीच चूक आहे. त्या तिच्या मागोमाग अंगणात येऊन उभ्या राहिल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

माल अजून ओला होता म्हणून निभावलं. खांब हलवून हलवून उपसले. खड्ड्यातलं काँक्रीट हाताने, डब्याने, मिळेल त्याने बाहेर काढलं. तेवढं वाया गेलं. बाईने नवा हिशेब केला: वरचे पन्नास रुंद, त्याच्या तीन बादल्या, खालचे पंचवीस तीसचेच घ्यायचे, त्याची एक. खांबाला चार. सिमेंट कमी पडणार होतं, आणखी आणावं लागणार होतं.

मग तिने चिमटा उचलला.

"तुला नाही जमणार," मिस्त्री म्हणाला.

"मग सांगा कसं जमतं ते."

दोन्ही दांडे जवळ धरून चिमटा खाली आपटायचा, मग दांडे फाकवायचे, की खाली माती धरली जाते. आणि तसाच धरून वर ओढायचा. पहिल्यांदा निम्मी माती वाटेतच सांडली. दुसऱ्यांदा दांडा तिच्या हनुवटीला लागला. मिस्त्री उठला, खड्ड्यापाशी पोटावर आडवा झाला आणि डाव्या हातात सळई धरून आत बघू लागला.

"सरळ घाल. तिरकी जातेयस. कोपर अंगाला लावून."

तिच्या खांद्यांतून कळा यायला लागल्या. हात डोक्याच्या वर गेले की तिला आतून कळत होतं, त्याने पावसाळ्यापासून काय सोसलं असेल ते. आणि आठपैकी हा पहिलाच होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, घाम म्हणून तिने ते पुसलं.

"झालं का?" तिने विचारलं. "आता पुरे असेल."

मिस्त्रीने सळई तळाला टेकवली, अंगठा धरला आणि वर काढून टेपवर लावली. बहात्तर. बालवाडीच्या बाई बघत होत्या. बहात्तर कुणालाही चाललं असतं. तिलाही चाललं असतं, देवाशपथ.

तो उठला नाही. मातीत गाल टेकवूनच त्याने सळई पुन्हा आत सोडली.

"नाही," तो म्हणाला. "अजून तीन."