पंख्याचं इनपुट क्रेडिट

मी लातूरला बी.कॉम.ला होते. पप्पांचं अहमदपुरात पंख्यांचं दुकान. एकदा फोनवर विचारलं, "पप्पा, माल घेतानाही जीएसटी, विकतानाही. दोनदा कशाला?" दुकानात गिऱ्हाइकं होती. "लिहून पाठवतो," म्हणाले.

पुढं एसटीनं एक टेबलफॅन आला, सोबत पत्र.

"बेटा, हा पंखा नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून हजाराला घेतला, वर एकशे ऐंशी जीएसटी दिला. बाराशेला विकला असता तर गिऱ्हाइकाकडून दोनशे सोळा जीएसटी घेतला असता. त्यातून आधी दिलेले एकशे ऐंशी वजा करून सरकारला छत्तीसच भरायचे. या वजावटीला इनपुट क्रेडिट म्हणतात. तुझ्या खोलीत लई गरम होतं, म्हणून पंखा तुलाच पाठवून राहिलो."

मी लगेच फोन लावला. "पप्पा, हा तर विकलाच नाही. मग याचं क्रेडिट?"

ते मोठ्यानं हसले. "हाव बेटा, घरी वापरलेल्या मालावर क्रेडिट मिळत न्हाई. हिशेबात धरलेले एकशे ऐंशी सरकारला परत करावे लागतील."

त्या महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये त्यांनी ते परत केले, आणि दुकानात येईल त्याला ही गोष्ट कौतुकानं सांगत राहिले.